लाइफटाइम कार्ड आणि तीस पैसे

लाइफटाइम म्हणून काही विकायला आलं की मी किंमत नंतर बघतो. आधी बघतो की पुढच्या वर्षी ही सेवा चालवायला जो खर्च येणार, त्याच्या पुढच्या वर्षी येणार, तो कुठनं निघणार आहे. आपण पैसे एकदाच भरणार पण खर्च दरवर्षी होणार, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी तो भरतंय, आणि तो भरणारा जोपर्यंत भरतोय तोपर्यंतच आपलं लाइफटाइम. हे काही मी पुस्तकात वाचलेलं नाही. बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एका मोबाईल डिस्ट्रिब्युटरकडं मी बरीच वर्षं कामाला होतो, आणि लाइफटाइमची कार्डं आम्ही खोक्यानं विकलीत.

तशी त्याच्या आधीपासनं मराठी घरात एक लाइफटाइम होतीच, मासिकांची आजीव वर्गणी. त्यातला हिशेब मला अजून आवडतो. समजा तुम्ही ५,००० रुपये भरले, संस्थेनं ते बँकेत ठेव म्हणून टाकले, सात टक्क्यानं वर्षाला ३५० व्याज आलं, आणि तेवढ्यात वर्षभराचे अंक आणि टपालखर्च बसला तर ते खरंच कितीही वर्षं चालू शकतं, कारण मुद्दल तिथंच आहे. कागद महागला, व्याज उतरलं की "आजीव वर्गणीदारांना नम्र विनंती" असं एक पत्र यायचं, थोडे जादा पाठवा म्हणून, आणि वडील पाठवायचे पण. कंपनी तसं करत नाही. तुमचे लाइफटाइमचे पैसे ती त्याच वर्षी टॉवरला, पगाराला, जाहिरातीला लावते. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण मुद्दल कुठं ठेवलेलं नाही हे लक्षात ठेवायचं.

आता कार्डाची गोष्ट. २००५ पर्यंत प्रीपेड म्हणजे व्हॅलिडिटीची कटकट. करन्सी मारली की महिनाभर फोन चालू, महिना संपला की आत पैसे असले तरी बंद. (आमच्याकडं रिचार्जला करन्सीच म्हणतात, अजून म्हणतात.) ज्याला फोन करायचेच नाहीत, फक्त यायला पाहिजेत, त्याला पण दर महिन्याला शंभर-दोनशे घालावे लागायचे. मग २००५ च्या डिसेंबरमध्ये लाइफटाइम आलं, एअरटेलचं ९९९ रुपयाला, आणि त्याच सुमाराला बाकीच्या कंपन्यांचं पण. एकदा ९९९ भरा, इनकमिंग कायमचं फ्री. पुढं चढाओढीत भाव पाचशेच्या खाली आला, नंतर तर शंभराच्या आत. पहिल्या महिन्यात काउंटरवर जी गर्दी झाली ती मी तरी परत बघितली नाही, उचगाव, बेळगुंदी, खानापूर, पलीकडनं चंदगडची माणसं पण यायची, पैसे कनवटीला बांधून.

आमची आत्ती बाचीला असते, वेंगुर्ला रोडवर, हद्दीच्या अलीकडचं शेवटचं गाव, पुढं शिनोळी म्हणजे महाराष्ट्र. तिला मीच ९९९ चं कार्ड घालून दिलं. तिची पोरगी पुण्याला, ती रोज रात्री फोन करायची, दहा मिनिटं तरी. आत्ती स्वतः कुणाला फोन लावायची नाही, लावला तर मिस कॉल. आता कंपनीच्या बाजूनं बघा. ही बाई एकदा ९९९ देऊन बसली, आता जन्मात काही देणार नाही, आणि रोज दहा मिनिटं नेटवर्क वापरणार. हे परवडतं कसं? मला पण तेव्हा प्रश्न पडला होता. आमच्या कंपनीच्या सेल्सच्या साहेबानं एकदा चहा पिता पिता सांगितलं तेव्हा उलगडलं.

पोरीचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता. एका कंपनीच्या गिऱ्हाइकानं दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला फोन केला की करणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागं ठरलेली रक्कम देते, किती द्यायची ते ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, ठरवायचं, आणि तेव्हा ती ३० पैसे होती. रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याला तीनशे मिनिटं, म्हणजे ९० रुपये, वर्षाला १,०८० च्या आसपास. आत्ती एक पैसा न खर्चता दरवर्षी कंपनीला ९९९ पेक्षा जास्त मिळवून देत होती! तिचं लाइफटाइम पुण्याच्या पोरीच्या बिलातनं चाललं होतं. हे कळल्यावर मला ते इनकमिंग फ्री कधी फ्री वाटलंच नाही, पैसे भरणारा फक्त दुसरा होता.

फ्री म्हणताना पण बारीक अक्षरात एक अट असायची. बऱ्याच लाइफटाइम कार्डात सहा महिन्यात एकदा दोनशेची करन्सी मारायचीच, नाहीतर कार्ड बंद. ती अट काउंटरवर आम्ही सांगायचो, पण "आयुष्यभर" ऐकल्यावर माणूस पुढचं ऐकतो काय? आणि आमच्या भागाची खास अडचण वेगळीच. इनकमिंग फ्री होतं ते आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांच्या नकाशातल्या साधारण राज्याएवढ्या भागात. बाची कर्नाटक सर्कल, शिनोळी महाराष्ट्र सर्कल, आणि टॉवरला काय हद्द कळते? आत्तीचं शेत हद्दीला लागून. शेतात गेली की फोन पलीकडचा टॉवर पकडायचा आणि रोमिंग लागायचं. २००७ मध्ये ट्रायनं रोमिंगच्या इनकमिंगला मिनिटाला १ रुपया ७५ पैसे एवढी कमाल मर्यादा घातली, म्हणजे दहा मिनिटं पोरीशी बोललं की साडेसतरा रुपयापर्यंत जाऊ शकत होते, आणि बॅलन्स नसेल तर फोन लागायचाच नाही. उपाय एकच, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ऑटोमॅटिकवरनं मॅन्युअल करायचं आणि कर्नाटकचं धरून ठेवायचं, मग शेतात रेंज गेली तर गेली. निपाणी-कागलकडं पण हेच, चंदगडकडं पण हेच. म्हणूनच हद्दीवरच्या माणसाच्या खिशात दोन कार्डं असायची, एक इकडचं एक तिकडचं, दोन्ही लाइफटाइम.

आणि त्या दोन लाइफटाइमची लांबी वेगवेगळी होती, ही मजा कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. मार्च २००६ मध्ये ट्रायनं एक आदेश काढला. लाइफटाइम म्हणून विकलेला प्लॅन कंपनीनं कधीपर्यंत चालवायचा? तर तिच्याकडं सेवा द्यायचं लायसन्स आहे तोपर्यंत, पुढं लायसन्स वाढवून मिळालं तर तोपर्यंत, आणि सध्याचं लायसन्स कुठल्या महिन्यात कुठल्या वर्षी संपतं ते गिऱ्हाइकाला सांगायचं. म्हणजे सरकारी कागदावर हे आयुष्य तुमचं नव्हतंच, लायसन्सचं होतं. लायसन्स वीस वर्षांचं असायचं आणि सर्कलवार वेगळं. एअरटेलचं कर्नाटकातलं लायसन्स १९९६ चं, महाराष्ट्रातलं २००१ चं. म्हणजे एकाच दिवशी एकाच कंपनीची दोन कार्डं घेतली, एक बेळगावात आणि एक चंदगडात, तर कागदावर पहिल्याची तारीख २०१६ आणि दुसऱ्याची २०२१. तेच नाव, तेच ९९९, आणि आयुष्यात पाच वर्षांचा फरक, का तर मधनं राज्याची हद्द जाते.

पुढं तर अजून गमती झाल्या. २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं टूजी प्रकरणात १२२ लायसन्सं एका झटक्यात रद्द केली, वीस वर्षांची म्हणून दिलेली लायसन्सं चार वर्षांत गेली. नंतरच्या लिलावात त्यातल्या युनिनॉर कंपनीला महाराष्ट्रात परत जागा मिळाली, कर्नाटकात नाही. शिनोळीचं कार्ड राहिलं, बाचीचं गेलं. मग २०१८ मध्ये उलटं झालं, एअरसेलनं जानेवारीच्या शेवटी महाराष्ट्रातली सेवा आधी बंद केली, कर्नाटकातली थोडे दिवस रडत-खडत चालू, आणि पुढच्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच्या आधी २०१७ च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सनं पण मोबाईलची व्हॉइस सेवा गुंडाळली होती.

कंपनी बंद झाली की नेमकं काय हातात राहतं ते तेव्हा काउंटरवर रोज बघायला मिळालं. नंबर राहतो, कारण पोर्टिंग होतं, आणि जुलै २०१५ पासनं एका सर्कलमधनं दुसऱ्या सर्कलमध्ये पण नंबर नेता येतो, हद्दीवरच्या लोकांना तर हे वरदानच झालं. पण नंबर म्हणजे प्लॅन नव्हे. नव्या कंपनीत तुम्ही नवीन गिऱ्हाईक, तिथले दर, तिथल्या अटी. जुन्या कार्डातला बॅलन्स पण पोर्ट होत नाही, त्यामुळं आम्ही लोकांना सांगायचो की असतील तेवढे पैसे आधी बोलून संपवा, मग कोड मागवा. लाइफटाइमसाठी भरलेले ९९९ परत मागायला एक-दोघं आले पण होते. कुणाकडं मागणार? दिवाळखोरीत आधी त्या प्रक्रियेचा खर्च निघतो, मग तारण असलेल्या बँका आणि कामगार, मग बाकीची देणी, आणि आपण अगदी शेपटाला. त्यात तुम्ही दहा वर्षं सेवा वापरलेली असली तर तुमचं येणं नेमकं किती हेच ठरत नाही.

बंद होण्यापेक्षा विकली जाणं बरं, पण त्यात पण दोन तऱ्हा आहेत. बेळगावात ज्यांनी स्पाइसचं कार्ड घेतलं होतं त्यांनी एकाच नंबरवर स्पाइस, आयडिया, मग व्होडाफोन आयडिया, मग व्ही असे बोर्ड बदलताना बघितले. तिथं आख्खी कंपनीच दुसरीत विलीन झाली, आणि विलीन झाली की तिचे करार, तिची देणी, तिची गिऱ्हाइकं सगळं सोबत जातं. नवरीबरोबर सासूसासरे पण, असं आमचे शेठ म्हणायचे. दुसऱ्या तऱ्हेत कंपनी विकत घेत नाहीत, तिची फक्त कामाची चीजवस्तू घेतात, आणि देणी जुन्या मालकाकडं सोडून येतात. इंटरनेटच्या जगात हे जास्त चालतं. व्हीपीएनसिक्युअर नावाची एक सेवा होती, इंटरनेट वापरताना आपण कुठनं जोडलोय ते लपवणारी, डील विकणाऱ्या साइटवरनं काही डॉलर देऊन लोकांनी तिचं लाइफटाइम घेतलेलं. २०२३ मध्ये ती नव्या मालकांकडं गेली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये लाइफटाइमवाल्यांची खाती बंद. नव्या मालकांचं म्हणणं असं की आम्ही तंत्र घेतलं, नाव घेतलं, गिऱ्हाइकांचा डेटाबेस घेतला, पण जुन्या मालकाची देणी घेतली नाहीत, आणि लाइफटाइम खाती एवढी आहेत हे आम्हाला नंतर कळलं. लोकांना वर्षाच्या प्लॅनवर सवलत देऊ केली. म्हणजे बोर्ड तोच, साइट तीच, फक्त ज्यानं शब्द दिला होता तो आत नाही.

पण आत्तीच्या कंपनीला यातलं काहीच झालं नव्हतं. ती बंद पडली नाही, तरी लाइफटाइम संपलं, आणि माझ्या मते हाच प्रकार सगळ्यात शिकण्यासारखा आहे. ते तीस पैसे आठवा. २००९ च्या एप्रिलपासनं ते २० पैसे झाले, मार्च २०१५ पासनं १४, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासनं एकदम ६. आत्तीच्या तीनशे मिनिटांचे ९० चे ६० झाले, मग ४२, मग १८. पोरगी तेवढीच बोलत होती, किंबहुना बोलणं स्वस्त झाल्यावर जास्तच, पण कंपनीच्या गल्ल्यात त्या बोलण्याचं काही पडेना. मधल्या काळात जुनी लायसन्सं संपत आल्यावर मार्च २०१५ च्या लिलावात कंपन्यांना आपलं स्वतःचंच स्पेक्ट्रम परत पैसे मोजून घ्यावं लागलं होतं, सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि फोन करण्याचे पैसे घेणंच त्यांनी सोडलं. आत्तीसारखं गिऱ्हाईक, जे आधी फुकट कमाई होतं, ते आता ओझं झालं. ६ पैसे झाल्यावर सव्वा वर्षाच्या आत, २०१८ च्या शेवटी, मेसेज सुरू झाले: दर २८ दिवसाला किमान ३५ रुपयाची करन्सी मारा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग बंद.

लोक चिडले. ट्रायनं पण कंपन्यांना लिहिलं की खात्यात पैसे असताना गिऱ्हाइकाची सेवा लगेच तोडू नका, नीट कळवा. त्यामुळं थोडे दिवस निघाले, पण गाडी त्याच रस्त्यानं गेली. आणि बघा, लाइफटाइमचा प्लॅन रद्द केला असं कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. दर तेच ठेवले असतील, प्लॅनचं नाव तेच असेल, पण त्या प्लॅनवर उभं राहायला जी जमीन लागते, म्हणजे कार्ड चालू असणं, तिचंच भाडं सुरू केलं. २८ दिवसाचा महिना धरला की वर्षात तेरा वेळा, तेरा गुणिले ३५ म्हणजे ४५५ रुपये, आत्तीच्या दृष्टीनं शून्याचे ४५५. नंतर १ जानेवारी २०२१ ला ते ६ पैसे पण शून्य झाले, आणि किमान करन्सी चढत चढत २०२४ पर्यंत मोठ्या कंपन्यांची दोनशेच्या घरात गेली.

मग आत्ती फसली काय? मला विचाराल तर नाही. २००६ च्या सुरवातीपासनं २०१८ च्या शेवटापर्यंत तेरा वर्षं धरा, ९९९ भागिले तेरा, वर्षाला ७७ रुपये. त्याच्या आधी दर महिन्याला शंभर-दोनशे जात होते तिथं हा सौदा पहिल्या वर्षातच वसूल झाला, पुढची बारा वर्षं नफ्यात. फसला तो, ज्यानं शेवटी शेवटी नव्या कंपनीचं कार्ड घेतलं आणि तोच नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवला, बँकेत दिला, गॅसला दिला. त्याचं नुकसान ९९ रुपयाचं नव्हतं, पाटी, बँक आणि गॅसचं होतं. आत्तीला हे सगळं मी समजावलं तर ती म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं माज्या पोरीनंच भरलं की रे." काय बोलणार, खरंच होतं.

आता हीच फूटपट्टी आजच्या सौद्यांना लावता येते. आमचा भाचा टिळकवाडीत लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. सीझन झाला की त्याच्याकडं डेटाचा डोंगर, हार्ड डिस्का भरून वाहतात. तर तो आला, "मामा, क्लाउड स्टोरेजची लाइफटाइम ऑफर हाय, दोन टीबी, बत्तीस हजार, एकदाच भरायचं आणि विसरून जायचं बघ." वर्षाचा प्लॅन किती? आठ हजार. म्हणजे हा चार वर्षांचा आगाऊ हप्ता आहे, एवढंच. चार वर्षं कंपनी टिकली तर बरोबरीत, पुढचं ते वरकड. आयुष्यभर टिकेल काय हा प्रश्नच विचारायचा नाही, त्याचं उत्तर कुणाकडं नसतं. चार वर्षं टिकेल काय एवढं विचारायचं, ह्याचं थोडं तरी अनुमान करता येतं.

कसं? त्याला म्हटलं, तुझे तीस पैसे कोण भरतंय ते शोध. साठवलेला फोटो पडून राहिला तरी डिस्क फिरते, वीज लागते, डिस्क खराब झाली की बदलावी लागते, हा खर्च दरवर्षीचा. ह्या कंपनीला दरमहा किंवा दरसाल पैसे देणारी गिऱ्हाइकं आहेत काय, ऑफिसं, मोठे धंदे, की फक्त लाइफटाइमच विकते? दिवाळीला लाइफटाइम, नाताळाला लाइफटाइम, परत मार्चला "शेवटची संधी" म्हणून लाइफटाइम, आणि दर वेळी भाव आधीपेक्षा खाली, असं दिसलं की समजायचं नव्या लोकांच्या पैशातनं जुन्यांची डिस्क फिरायलीय. हे एका दिवशी थांबतंच. अटींच्या पानावर आयुष्याची व्याख्या पण वाचायची. पीक्लाउड नावाच्या सेवेच्या अटीत मी वाचलेलं, ९९ वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, ह्यातलं जे आधी संपेल ते. प्रामाणिकपणे लिहिलंय, पण त्या वाक्यात मोजलंय ते गिऱ्हाइकाचं आयुष्य, कंपनीचं नाही.

कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर असेल तर अजून एक सोपी परीक्षा आहे, नेट बंद करून ते उघडून बघायचं. उघडलं आणि चाललं, तर कंपनी उद्या बुडाली तरी आपल्या मशीनवर ते चालत राहील, नवीन विंडोज त्याला नाकारेपर्यंत तरी. उघडताना सर्व्हरला विचारायला गेलं आणि अडलं, तर ते आपलं नाहीच, सर्व्हर आहे तोपर्यंतच ते चालणार. आणि लाइफटाइम कशाचं ते बघायचं, ह्या व्हर्जनचं की पुढच्या सगळ्या व्हर्जनचं. पाचवं व्हर्जन लाइफटाइम म्हणून विकायचं आणि सहाव्याला नवीन प्रॉडक्ट म्हणायचं हा जुना खेळ आहे, तुमचं पाचवं कुणी काढून घेत नाही, फक्त त्याला कुणी हात लावत नाही.

क्लाउडला मात्र नेट बंद करून बघायची परीक्षा चालत नाही, तिथं विचारायचं ते बाहेर पडायला किती वेळ लागेल. भाच्यानं हे कधी मोजलं नव्हतं म्हणून कागदावर मोजलं. त्याच्याकडं पन्नास एमबीपीएसचं कनेक्शन. दोन टीबी म्हणजे १६० लाख मेगाबिट, भागिले ५०, म्हणजे तीन लाख वीस हजार सेकंद, ८९ तास. पावणेचार दिवस एक मिनिट न थांबता, पूर्ण स्पीड मिळाला तर. आपल्याकडं पावसात लाइट किती वेळा जाते, आणि कंपनीनं महिन्याची नोटीस दिली की जगातले सगळे एकदम डाउनलोडला बसणार, त्यांचा सर्व्हर रडत असणार. शिवाय उतरवायचं कशावर? दोन टीबीची मोकळी डिस्क त्या दिवशी हातात पाहिजे. मग मी म्हटलं ती डिस्क आजच घे, एक कॉपी घरात राहू दे, क्लाउड ही दुसरी कॉपी. असं केलं तर लाइफटाइम बुडालं तरी बत्तीस हजारातलं उरलेलं बुडेल, लोकांची लग्नं बुडणार नाहीत. डिस्कची किंमत धरून परत हिशेब केला तर बरोबरी चार वर्षांच्या पुढं जाते, हे त्याला आवडलं नाही, पण आकडा आहे तो आहे.

शेवटी त्यानं घ्यायचं ठरवलंच, कंपनी बरीच वर्षं चाललेली, वार्षिक गिऱ्हाइकं पण आहेत, मला पण फार वावगं वाटलं नाही. मग प्रश्न कागदाचा. ज्या दिवशी पैसे भरशील त्या दिवशीच्या अटींचं पान आख्खं सेव्ह करून ठेव म्हटलं, ऑफरच्या जाहिरातीचं पण, कारण ही पानं बदलतात आणि भांडायची वेळ आली की जुनं पान कुणाकडं नसतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच, आणि कारण घडल्यापासनं दोन वर्षांच्या आत. कंपनी परदेशातली असेल तर निकाल मिळवणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं, हे पण सांगितलं. कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडं वाद नोंदवता येतो, पण त्याची मुदत महिन्यांत मोजतात, तिसऱ्या वर्षी बंद पडलेल्या लाइफटाइमला ती काही कामाची नाही.

आणि बिल कुणाच्या नावावर? त्याला स्टुडिओच्या नावावर पाहिजे होतं, जीएसटीचं क्रेडिट मिळतंय काय बघायला. इथं मी त्याला थांबवलं. धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर ग्राहक आयोगात समोरचा पहिल्याच तारखेला म्हणतो, हा ग्राहकच नाही. स्वतःचं पोट भरायला स्वतः राबणारा माणूस त्यातनं सुटतो, कायद्यातच तसं लिहिलंय, पण स्टुडिओत आता तीन पोरं पगारावर आहेत, मग तो स्वयंरोजगार म्हणायचा की धंदा, हे आयोगासमोर पटवावं लागणार. तिकडं स्वतःच्या नावावर घेतलं तर खातेदाराचं आयुष्य मोजणार, स्टुडिओचं नाही, उद्या स्टुडिओ धाकट्याकडं गेला तर खातं जाईलच असं नाही. क्रेडिट किती सुटतंय ते आधी सीएला विचारून ये, मग नाव ठरवू, असं म्हटलं. ऑफरला अजून चार दिवस आहेत म्हणे. गेल्या दिवाळीला पण चारच होते.